एका अक्षराची गोष्ट

मुलांच्या वह्या तपासताना गाळलेल्या अक्षराखाली मी तांबडी रेघ ओढतो. व्यापारी मात्र आपल्या मालाला नाव देताना पुष्कळदा असे अक्षर जाणूनबुजून गाळतात. त्यातून कोणाचे भाग्य उजळते आणि कोणाचा दावा बुडतो, याची दोन उदाहरणे वाचकांपुढे ठेवावीशी वाटतात.

अमेरिकेत स्टँडर्ड पेंट कंपनी छपरावर घालण्याचे लवचीक आच्छादन विकत असे. त्याचे नाव होते ‘रुबेरॉइड’. इंग्रजी ‘रबर’ला ‘सारखा’ या अर्थाचा ग्रीक प्रत्यय ‘ऑइड’ जोडला आणि रबरातल्या दोन ‘बी’ अक्षरांपैकी एक गाळला, की झाले नाव तयार! पुढे त्रिनिदाद अ‍ॅस्फाल्ट कंपनीने आपला माल ‘रबेरो’ नावाने आणला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. 1911 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ‘रबरासारखा’ हे मालाचे वर्णन आहे आणि ते चुकीच्या स्पेलिंगने लिहिले म्हणून कोणा एकाच्या मालकीचे होत नाही. कंपनी हरली.

आता जपानकडे वळू. मासारु इबुका आणि आकिओ मोरिता यांनी 1946 साली टोकियोत काढलेल्या कंपनीचे नाव होते ‘टोकियो त्सुशिन कोग्यो’. अमेरिकन गिऱ्हाइकाच्या जिभेवर हे नाव बसेना. म्हणून शोध सुरू झाला. लॅटिनमध्ये ध्वनीला ‘सोनस’ म्हणतात. इंग्रजीत पोराला लाडाने ‘सनी’ म्हणतात. दोन्हींचा मेळ घालावा असे ठरले. पण ‘सनी’च्या स्पेलिंगात ‘एन’ दोनदा येतो आणि जपानी माणूस ते ‘सोन-नी’ असे वाचणार! जपानीत ‘सोन’ म्हणजे तोटा. दुकानाच्या पाटीवर तोटा कोण लिहील? एक ‘एन’ गाळला गेला आणि ‘सोनी’ जन्मले. 1955 साली ते ट्रान्झिस्टर रेडिओवर झळकले आणि 1958 साली कंपनीनेही तेच नाव घेतले.

अक्षर दोघांनीही एकच गाळले. मग फरक कोठे पडला? गाळलेले अक्षर परत घालून पाहा. ‘रुबेरॉइड’मध्ये रबरासारखा माल उघडा पडतो. ‘सोनी’त मात्र लाडका पोरगा निघतो, आणि त्याचा रेडिओशी संबंध काय? सोनस आहे खरा, पण तो नुसता सुचवतो, वर्णन करीत नाही. दुसरे असे, की इंग्रजीत दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन आले की आधीचा स्वर बहुधा लांबतो. तट्टाला ‘पोनी’ म्हणतात, तसेच हे ‘सोनी’. उच्चार ‘सनी’हून वेगळा झाला आणि स्पेलिंग त्या उच्चाराला शोभणारे ठरले. म्हणून वाचणाऱ्याला अक्षर राहून गेल्याची शंका येत नाही. दोन भाषांच्या लग्नात अपत्याला स्वतःचा चेहरा लाभला, की आईबापांची नक्कल चुकली असे कोणी म्हणत नाही.