दशावतारी दिवसा झोपतात

दुपारी जरा आडवा झालो की मला चुटपुट लागते. हातात काम नाही आणि वर झोपतो आहे, असे मन म्हणते. पेडण्याच्या जत्रांतून फिरणाऱ्या दशावतारी मंडळींना हा बोल पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागला असेल. म्हणून त्यांचा दिनक्रम पाहण्यासारखा आहे.

जत्रांचा हंगाम कार्तिकापासून सुरू होऊन वैशाखाच्या आसपास संपतो. पेडणे तालुका सिंधुदुर्गाला लागून असल्याने मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर अशी तिकडच्या कंपन्यांची नावे इकडेही घरोघरी ठाऊक. पूर्वी रंगभूषेचे आणि कपड्यांचे पेटारे डोक्यावर घेऊन मंडळी गावोगाव चालत जात. रात्री पालखी फिरली की खेळ उभा राहायचा. आधी गणपती, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार, मग आख्यान आणि पहाटे दहीकाला. उजाडल्यावर गाव शेतात जाई आणि नट देवळाच्या मंडपात पथारी पसरत.

बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो. पण दशावतारात लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले असते, संवाद मात्र समोरच्याचे ऐकून तिथल्या तिथे जुळवायचे असतात. झोप राहिली की पहिला फटका याच हजरजबाबीपणाला बसतो. उत्तर उशिरा येते, तेच तेच वाक्य फिरून येते, पखवाज आणि पायपेटीच्या साथीत पद चढवताना आवाज फाटतो. पाठांतराच्या नाटकात पाठ केलेले शब्द तरी हाताशी असतात. इथे तोही आधार नाही. म्हणजे मंडपातली झोप ही रात्रीच्या खेळाची पहिली तयारीच.

तिलाही मर्यादा आहेतच. उजेड, उकाडा आणि शरीराचे घड्याळ यांमुळे दिवसाची झोप तुटक आणि तोकडी होते. सलग जत्रा असल्या की थकवा साचत जातो. मग पावसाळा येतो आणि खेळ थांबतात. बरेच नट तेव्हा भातशेतीत राबतात. अंगाला कष्ट असतात, पण जागरण सुटते आणि गळ्याला विसावा मिळतो.

डिचोलीत 1950 नंतर खाणी वाढल्या आणि रात्रपाळी आली. पाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला तर घरचे पोरांना गप्प बसवतात. त्याच्या झोपेमागे हजेरीपट असतो, नटाच्या झोपेमागे तो नसतो. एवढ्यानेच एक हक्काची आणि दुसरी आळसाची ठरते. शरीराला मात्र हजेरीपट वाचता येत नाही. जागरण दोघांचेही सारखेच.

मला वाटते, आपली चुटपुट या हजेरीपटातूनच येते. लोकांना दिसेल तेवढेच काम, असा हिशेब आपण स्वतःलाही लावतो. नटाच्या तोंडी पहाटे तीन वाजता नेमका विनोद येतो, तेव्हा त्या हिशेबात दुपारची झोपही धरावी लागते.