रुग्ण क्रमांकाने ओळखलेला कॅन्सर

मशीन लर्निंगच्या इंटरव्ह्यूला बसलं की एक प्रश्न हमखास येतो: "डेटा लीकेज म्हणजे काय?" बहुतेकजण पाठ केलेलं उत्तर देतात, "टेस्टमधली माहिती ट्रेनिंगमध्ये शिरणे." उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं समजायला 2008 सालात जावं लागतं.

केडीडी कप ही डेटा मायनिंगची जुनी, मानाची स्पर्धा. 2008 साली सीमेन्सने त्यासाठी मॅमोग्रामचा डेटा दिला होता. ट्रेनिंगमध्ये 1712 रुग्ण, त्यातल्या 118 जणींना कॅन्सर. एक्स-रेमधल्या प्रत्येक संशयास्पद ठिपक्याची 117 फीचर्स काढलेली होती आणि गाठ कर्करोगाची आहे की नाही ते मॉडेलने सांगायचं होतं. सोबत रुग्णाचा आयडीही होता. हा तर नुसता क्रमांक, त्याकडे कोण बघणार?

आयबीएम रिसर्चच्या टीमने बघितलं. क्लॉडिया पर्लिच त्या टीममध्ये होत्या. आयडी चढत्या क्रमाने मांडल्यावर त्यांचे सरळसरळ वेगळे गट पडले. सगळ्यात लहान क्रमांकांच्या गटात 254 रुग्ण, आणि त्यातल्या तब्बल 36 टक्क्यांना कॅन्सर! बाकी गटांत हेच प्रमाण जेमतेम 1-2 टक्के. म्हणजे 118 पैकी सुमारे 90 रुग्ण त्या एकाच गटात. एक्स-रे न बघता, नुसत्या क्रमांकावरून निदान!

कारण साधं असावं. डेटा वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा झालेला. एखाद्या केंद्रात आधीच संशय असलेले रुग्ण जास्त, तर दुसरीकडे नेहमीच्या तपासणीला आलेले. क्रमांक देण्याची पद्धत प्रत्येक ठिकाणी निराळी, त्यामुळे आयडी म्हणजे दवाखान्याचा पत्ताच झाला. आयबीएमच्या टीमने हे वापरलं, स्पर्धा जिंकली आणि नंतर उघडपणे लिहूनही ठेवलं.

आता गंमत बघा. इथे ट्रेन-टेस्ट स्प्लिटमध्ये काहीच चूक नव्हती. टेस्टच्या रुग्णांचे आयडीही त्याच गटांत पडत होते, त्यामुळे टेस्टचा स्कोअरसुद्धा छान आला. नवीन दवाखान्यात मात्र हे मॉडेल तोंडावर आपटलं असतं. म्हणजे लीकेज टेस्ट सेटवर पकडलं जाईलच असं नाही. आपला प्रश्न असा हवा: ज्या क्षणी अंदाज करायचा, त्या क्षणी ही माहिती मिळेल का, आणि मिळालीच तर तिचा अर्थ तोच राहील का?

दुसरी गोष्ट 2017 ची, आणि ती मात्र स्प्लिटचीच. स्टॅनफर्डच्या चेक्सनेटने छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखायचं मॉडेल मांडलं. डेटा होता 30,805 रुग्णांच्या 1,12,120 एक्स-रेंचा, म्हणजे माणशी साधारण साडेतीन. पेपरच्या पहिल्या आवृत्तीत विभागणी रँडम, 80-20. वाचकांनी लगेच विचारलं, एकाच रुग्णाचे एक्स-रे दोन्हीकडे गेले त्याचं काय?

हिशोब करून बघू. एका रुग्णाचे चार एक्स-रे आहेत आणि एक टेस्टमध्ये गेला. उरलेले तिन्ही टेस्टमध्येच जायची शक्यता 0.2 × 0.2 × 0.2, म्हणजे 0.008. म्हणजे 99 टक्क्यांहून जास्त वेळा त्याच छातीचा एखादा फोटो मॉडेलने आधीच पाहिलेला! बरगड्यांची ठेवण, जुना पेसमेकर, असलं काहीही मॉडेल लक्षात ठेवू शकतं. पुढच्या आवृत्तीत रुग्णांनुसार विभागणी केल्याचं लेखकांनी स्पष्ट लिहिलं. आज हे एका ओळीत होतं:

```python
GroupShuffleSplit(test_size=0.2).split(X, y, groups=patient_id)
```

तर इंटरव्ह्यूमध्ये कोणी "स्कोअर 0.99 आला, खूश का?" असं विचारलं, तर आधी विचारा की एक ओळ म्हणजे काय: फोटो, रुग्ण, की भेट? मग सगळ्यात जोरदार फीचर घ्या आणि एकट्या त्याच्यावर मॉडेल चालवा. नुसत्या आयडीवर स्कोअर चांगला आला तर पाणी कुठे मुरतंय ते कळलंच.

मग पुढचा प्रश्न येतो: "आयडीचा कॉलम काढून टाकला तर संपलं?" इथे बरेचजण मान डोलावतात. पण दवाखाना बदलला की मशीन बदलतं, फोटोचा उजेड बदलतो, आणि तोच पत्ता इतर फीचर्समधून पुन्हा आत शिरू शकतो. म्हणून एक अख्खा दवाखाना बाजूला ठेवून त्याच्यावर टेस्ट करायची. स्कोअर घसरला तर मॉडेल गाठ ओळखत होतं की दवाखाना, हे तपासायची वेळ आली. दवाखाने दोन-तीनच असतील तर हा आकडाही डळमळीतच असतो, तेही सांगून टाका.

असो. चूकभूल द्यावी घ्यावी.