जनरल रजिस्टरचा उतारा: जन्मतारखेच्या पुराव्यासाठी नोंद जशीच्या तशी कशी उतरवावी

साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचा प्रवेश झाला. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तिथल्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर नाव आहे ‘भिवा’. त्या नोंदीचा उतारा आज कोणी काढला, तर त्यात ‘भिवा’ असेच यायला हवे. ‘भीमराव’ लिहिले तर ते कितीही आदराने लिहिलेले असो, तो उतारा राहत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या नोंदींनाही हाच नियम लागू आहे. वस्त्यांमध्ये कागदपत्रांसाठी धावपळ करणाऱ्या कार्यकर्त्यांकडून नेमकी इथेच चूक होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी दोन कागदांतला फरक लक्षात घेऊ. शाळा सोडल्याचा दाखला ठरलेल्या छापील नमुन्यात असतो. त्यातली माहिती जनरल रजिस्टरवरून घेतलेली असते आणि तसे त्याच्या तळाशी लिहिलेलेही असते. प्रवेश-निर्गम उतारा म्हणजे त्या रजिस्टरातल्या एका ओळीची, रकान्यागणिक केलेली नक्कल. जुन्या माणसाच्या वयाचा प्रश्न असेल तर आम्ही उताराच मागायला सांगतो. दाखला नव्याने लिहिताना लिपिक छापील नमुन्यातले रकाने ‘भरायला’ बघतो. उताऱ्यात मात्र कोरा रकाना कोराच ठेवता येतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका आजींना श्रावणबाळ योजनेसाठी अर्ज करायचा आहे. त्यासाठी वयाची ६५ वर्षे पूर्ण असावी लागतात. आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९६३, म्हणजे त्यांना जानेवारी २०२८ पर्यंत थांबावे लागणार. पण आजी दुसरीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्या होत्या. रजिस्टरमध्ये क्रमांक १४७ समोर नोंद सापडते. नाव ‘शेवंता सखाराम’. आईच्या नावाचा रकानाच नाही. जातीच्या रकान्यात फक्त ‘,,’ अशी खूण. जन्मतारीख ‘९-६-५८’ किंवा ‘१-६-५८’, अक्षरी काहीच नाही. प्रवेश १८-६-६४, इयत्ता पहिली. या नोंदीप्रमाणे आजींची ६५ वर्षे जून २०२३ मध्येच भरली. साडेचार वर्षांचा फरक या एका ओळीवर अवलंबून आहे.

पहिली अडचण तारखेची. जुन्या बोरूच्या किंवा टाकाच्या अक्षरात १ आणि ९ सहज एकमेकांसारखे दिसतात. अंदाज करू नका, त्याच हाताने लिहिलेले दुसरे आकडे शोधा. रजिस्टर क्रमांकांच्या रकान्यात १३९, १४१, १४९ असे आकडे असतीलच. त्यांतला ९ कसा वळवला आहे आणि १ ची शेपटी कुठे जाते, हे पाच-सहा ठिकाणी पाहिले की बहुतेक वेळा उलगडा होतो. शंका वर्षाच्या आकड्यात असेल तर प्रवेशाची तारीख आणि इयत्ता मदतीला येतात. १९६४ साली पहिलीत बसलेले मूल १९६३ चे असू शकत नाही. दिवसाच्या आकड्याला मात्र हा आधार मिळत नाही.

त्या पानावर आणखी दहा मुलांची तारीख १ जून असेल, तर इथेही १ च असणार असे वाटते. ते बहुधा खरेही असते. पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून टाकत, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पण हा आपला तर्क झाला, ती नोंद नव्हे. अक्षर पाहूनही ठरत नसेल तर उताऱ्यात ‘दिवसाचा अंक अस्पष्ट’ असे लिहून घ्यावे आणि त्या पानाची साक्षांकित छायाप्रत सोबत जोडावी. वयाच्या अर्जाला इथे वर्ष पुरेसे आहे. आठ दिवसांच्या फरकासाठी आख्खा कागद संशयात टाकण्यात अर्थ नाही.

‘५८’ चे ‘१९५८’ करायचे का? रकान्यात ‘५८’ असेच ठेवावे. शतक प्रवेशाच्या तारखेवरून आपोआप कळते. अक्षरी रकाना कोरा आहे, तर तिथे ‘एक जून एकोणीसशे अठ्ठावन्न’ लिहू नये. हा मोह लिपिकाला हमखास होतो, कारण छापील नमुना ते मागतो. तिथे ‘नोंद नाही’ एवढेच यावे. काही जुन्या रजिस्टरांत तारखेऐवजी ‘वय वर्षे ६’ असे असते. तेव्हाही वयच उतरवावे, त्यावरून तारीख काढू नये.

दुसरी अडचण त्या ‘,,’ खुणेची. ती खूण म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. तिचा अर्थ वरच्या ओळीशिवाय लागत नाही. समजा, १४६ समोर ‘हिंदू महार’ आहे. मग १४७ च्या उताऱ्यात खूण तशीच ठेवून शेऱ्यात लिहावे: ‘क्र. १४६ समोर हिंदू महार अशी नोंद असून क्र. १४७ समोर वरीलप्रमाणे अशी खूण आहे.’

इथे आपलीच तरुण मुले आग्रह धरतात. घराने १९५६ साली धम्म स्वीकारला, मग १९६४ च्या नोंदीत ‘हिंदू महार’ का, ‘बौद्ध’ लिहा. राग समजतो. पण गुरुजींनी तेव्हा जे लिहिले ते आज बदलले, तर पडताळणीला रजिस्टर मागवल्यावर जुळणार नाही, आणि एक रकाना खोटा निघाला की शेजारची जन्मतारीखही कोणी मानत नाही. शिवाय पुढे नातवाच्या जात प्रमाणपत्राला हीच जुनी जातीची नोंद उपयोगी पडते.

नावाचेही तसेच. उताऱ्यात माहेरचे ‘शेवंता सखाराम’ हेच राहील. ती आणि अर्जदार एकच व्यक्ती आहे हे विवाहाच्या नोंदीने किंवा प्रतिज्ञापत्राने वेगळे दाखवावे.

मूळ नोंदीत खाडाखोड असेल तर तीही उताऱ्यात यावी: खोडलेला आकडा वाचता येत असल्यास तो, वर लिहिलेला आकडा, शाईचा रंग, बाजूला सही आहे की नाही. हे लपवले तर फायदा होईल असे वाटते. प्रत्यक्षात कार्यालयात पहिली शंका तिथेच येते.

तपासणी दोघांनी करावी. एकाने उतारा मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने बोट ठेवून रजिस्टर पाहावे. तारखा एकेक अंक सुटा वाचावा. मग मुख्याध्यापकांची सही, शिक्का, दिनांक आणि रजिस्टरचा व पानाचा क्रमांक पाहावा. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेने टाळाटाळ केली, तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून त्या पानाची साक्षांकित प्रत मागता येते; प्रतीचे शुल्क पानाला २ रुपये आहे. शाळा बंद झाली असेल तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात रजिस्टरचा शोध घ्यावा.

या कागदाचे वजन किती, तेही माहीत असावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. पण त्याच न्यायालयाने १९८८ साली बिरदमल सिंघवी प्रकरणात सांगितले होते, की शाळेतली जन्मतारीख कोणाच्या माहितीवरून लिहिली हे दाखवता आले नाही, तर तिला फारसे मोल नाही. म्हणून रजिस्टर उघडे असतानाच आणखी एक रकाना पाहून घ्या: पालकाची सही किंवा अंगठा. तो तिथे असेल तर उताऱ्यात ‘पालकाचा अंगठा आहे’ एवढे शब्द आले पाहिजेत.