डाऊन व कृत्रिम भरण (दमट थंडीतील निवड)

डाऊन म्हणजे बदक व हंस यांच्या बाहेरील पिसांखाली वाढणारी मऊ लव. थंडीची जाकिटे व स्लीपिंग बॅगा यांच्या आतील भरणासाठी ती वापरली जाते. तिला पर्याय म्हणून पॉलिएस्टरच्या बारीक तंतूंचे कृत्रिम भरण वापरतात. दोन्ही प्रकारांत ऊब टिकते ती तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. म्हणून भरणाचा फुगीरपणा गेला की ऊबही जाते.

डाऊनचा फुगीरपणा 'फिल पॉवर' या अंकाने सांगतात. एक औंस (सुमारे २८ ग्रॅम) डाऊन किती घन इंच जागा व्यापते, हे त्यावरून कळते. ६०० अंकाच्या ३०० ग्रॅम डाऊनइतकी जागा ८०० अंकाचे २२५ ग्रॅम डाऊन व्यापते. हे मोजमाप कोरड्या भरणाचे असते, ही बाब खरेदी करताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

'''दमट थंडीतील वर्तन'''

ओले डाऊन चिकटून त्याचे गोळे होतात आणि शिवणीच्या कप्प्यांत रिकाम्या जागा राहतात. पॉलिएस्टरचे तंतू पाणी फारच कमी शोषतात; भिजल्यावर त्यांचीही ऊब घटते, पण आकार बराचसा टिकतो. पाऊस नसतानाही भरण ओले होऊ शकते. शरीरातून निघणारी वाफ बाहेरच्या थराकडे जाते आणि थंड भागात पोहोचताच तिचे पाणी होते.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील हिवाळी पदभ्रमण हे याचे नेमके उदाहरण आहे. तेथे तापमान शून्याच्या आसपास, हवा दमट आणि ऊन क्वचितच असते. चार रात्रींच्या मुक्कामात हे पाणी वाळत नाही, साठत जाते. सकाळी बॅग हाताला जड लागणे व पायाकडचा भाग चपटा दिसणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी डाऊनच्या बॅगेवर पातळ कृत्रिम बॅग चढवतात. वाफेचे पाणी मग मुख्यतः बाहेरच्या थरात होते. विश्रांतीच्या वेळी ओलसर कपड्यांवर चढवायच्या जाकिटासाठी मात्र कृत्रिम भरणच योग्य ठरते.

'''घडी व धुलाई'''

समान ऊब देणारे डाऊन वजनाला हलके असते आणि लहान पिशवीत मावते. कृत्रिम भरण वारंवार दाबून भरल्याने व धुतल्याने कायमचे चपटे होत जाते. त्यामुळे दोन्ही प्रकार घरी सैल ठेवावेत.

नेहमीच्या डिटर्जंटने डाऊनमधील नैसर्गिक तेल निघून जाते, म्हणून त्यासाठी खास सौम्य साबण वापरतात. खरी अडचण वाळवण्याची असते. मंद आचेच्या ड्रायरमध्ये टेनिसचे दोन-तीन चेंडू टाकून कित्येक तास फिरवावे लागते. कापड कोरडे लागले, तरी बोटांत गाठी जाणवल्यास आत ओल आहे असे समजावे. तसेच ठेवल्यास कुबट वास येतो. ड्रायर नसेल आणि कपडा वरचेवर धुवायचा असेल, तर कृत्रिम भरण अधिक सोयीचे पडते. ते लवकर वाळते, मात्र जास्त उष्णतेने त्याचे तंतू आक्रसतात.