लग्न, घड्याळ आणि विट्याची पत्रिका

गेल्या व्याख्यानात आपण जुन्या पंचांगांकडे पाहिलं. आज पत्रिकेकडे येऊ. पत्रिका खरी की खोटी, हा वाद आज नको, त्याबद्दल शेवटी दोन शब्द बोलू. आजचा प्रश्न इतिहासाचा आहे. पत्रिकेतला सगळा डोलारा ज्या एका बिंदूवर उभा असतो, तो बिंदू म्हणजे लग्न. आणि हा बिंदू काढायला लागते ती वेळ आपल्या भागात गेल्या सव्वाशे वर्षांत कशी बदलत गेली, ते आपल्याला बघायचं आहे.

शब्दापासून सुरुवात करू. आपण विवाहाला 'लग्न' म्हणतो, पण मुळात तो विवाहाचा शब्द नाही. लग्न म्हणजे लागलेलं, चिकटलेलं. पूर्वेच्या क्षितिजाला त्या क्षणी जी रास लागलेली असते, ती लग्नरास. विवाह शुभ लग्नावर लावायचा, म्हणून 'लग्न लावणं' असं म्हणू लागले, आणि पुढे विधीचंच नाव लग्न पडलं. अंतरपाट धरून भटजी मंगलाष्टकं म्हणत वेळ साधतात, ती वेळ मुळात याच क्षितिजाची.

आता हा बिंदू एवढा महत्त्वाचा का? रवी एका राशीत महिनाभर असतो, चंद्र सव्वादोन दिवस, शनी अडीच वर्षं. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेल्या सगळ्या मुलांचे ग्रह जवळजवळ त्याच राशींत असतात. लग्न मात्र चोवीस तासांत बाराही राशी फिरून येतं. पत्रिका त्या दिवसाची न राहता त्या मुलाची होते ती लग्नामुळे. आपल्याकडच्या चौकोनी कुंडलीत वरचं मधलं घर कायम लग्नाचं असतं. त्यात लिहिलेला आकडा म्हणजे लग्नरास, 1 मेष, 2 वृषभ, 3 मिथुन असं. तिथून डावीकडे मोजत गेलं की दुसरं घर धनाचं, चौथं सुखाचं, सातवं जोडीदाराचं, अकरावं लाभाचं, बारावं व्ययाचं. पहिला आकडा चुकला की बाराही घरं सरकतात. ग्रह जागचे हलत नाहीत, पण त्यांचे अर्थ बदलतात.

ही पद्धत आपल्याकडे आधीपासूनच होती का? वेदांग ज्योतिषात नक्षत्रं आहेत, तिथी आहेत, पण लग्न धरून घरं मोजणं नाही. ते ग्रीकांशी संबंध आल्यावर आलं. त्याच्या खुणा शब्दांत राहिल्या आहेत. 'केंद्र', 'होरा', 'पणफर', 'आपोक्लिम' हे सगळे शब्द ग्रीक मुळाचे. सहाव्या शतकात वराहमिहिर लिहीत होता, तोवर ते संस्कृतात पुरते मुरले होते.

आता वेळेकडे येऊ. जुन्या पत्रिकेत जन्मवेळ 'सूर्योदयापासून घटी इतक्या, पळे इतकी' अशी लिहिलेली असते. तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक, ती पाण्यात सोडायची. भरून बुडाली की एक घटी झाली, म्हणजे 24 मिनिटं. अशा 60 घटींचा एक दिवस. या मोजणीत एक मोठी सोय होती. सूर्योदयाच्या क्षणी लग्न हे रवीच्याच राशीचं, त्याच अंशाचं असतं, कारण रवीच तेव्हा क्षितिजावर असतो. तिथून घटी मोजत राशी पुढे सरकवल्या की झालं. ज्या गावचा सूर्योदय, त्याच गावचं लग्न, त्यामुळे रेखांशाचा प्रश्नच येत नव्हता.

घड्याळ आलं आणि हा प्रश्न उभा राहिला. विटा साधारण 74 अंश 32 कला पूर्व रेखांशावर आहे. भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 कलांवर धरतात. फरक जवळजवळ आठ अंशांचा, आणि एका अंशाला चार मिनिटं लागतात. म्हणजे प्रमाणवेळेच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा विट्याची स्वतःची वेळ 11 वाजून 28 मिनिटं असते. ही प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून आली. त्याआधी रेल्वेची वेळ मद्रासची होती, ती विट्याच्या वेळेपेक्षा 23 मिनिटं पुढे. मुंबईची स्थानिक वेळ सात मिनिटं मागे. मुंबई शहरात तर महापालिकेची घड्याळं पुढेही बरीच वर्षं मुंबई वेळ दाखवत होती. तेव्हा जुन्या कागदावर नुसतं 'सकाळी दहा' लिहिलेलं असलं तर पहिला प्रश्न विचारायचा : कुठल्या घड्याळाचे दहा?

सगळ्यात मोठा गोंधळ दुसऱ्या महायुद्धाचा. 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात देशभर घड्याळं एक तास पुढे केलेली होती. आज ऐंशीच्या आसपास असलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांचे जन्म नेमके याच काळातले. त्यामुळे आपण एक उदाहरण पूर्ण सोडवू. ही वेळ आम्ही नमुन्यासाठी घेतली आहे, कुणाची पत्रिका नव्हे.

जन्म विट्यात, 20 मे 1943, वहीत वेळ 'सकाळी 10.15'. ही वेळ युद्धकाळच्या घड्याळाची. त्यातला एक तास काढला की प्रमाणवेळ 9.15. आणखी 32 मिनिटं काढली की विट्याची वेळ 8.43. त्या दिवशी रवी वृषभेच्या साधारण पाच अंशांवर होता आणि विट्याच्या वेळेने साडेपाचच्या सुमारास उगवला. तेव्हा लग्न वृषभच. वृषभेचा उरलेला भाग वर यायला साधारण एक तास 42 मिनिटं लागतात, म्हणजे 7.13 ला मिथुन लग्न सुरू झालं. मिथुनेला आपल्या अक्षांशावर दोन तास 12 मिनिटं लागतात, म्हणून ते 9.25 पर्यंत टिकलं. सगळ्या राशींना सारखा वेळ लागत नाही हे इथे लक्षात ठेवायला हवं. मीन आपल्याकडे एक तास 36 मिनिटांतच उगवून जाते. 'दर दोन तासांनी लग्न बदलतं' हा नुसता ठोकताळा झाला. आपलं 8.43 हे मिथुनेत व्यवस्थित, विसाव्या अंशाच्या आसपास बसतं.

आता चूक करून बघू. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी कुणीतरी 10.15 ही वेळ सरळ प्रमाणवेळ धरली. तर विट्याची वेळ 9.43 होते, आणि लग्न येतं कर्क.

या एका तासाने वाचन कसं पालटतं पाहा. रवी आणि शनी दोघेही त्या वेळी वृषभेत होते. मिथुन लग्नाला वृषभ हे बारावं घर, व्ययाचं. कर्क लग्नाला तेच वृषभ अकरावं, लाभाचं. तेच दोन ग्रह एका कागदावर खर्चाच्या घरात, दुसऱ्यावर मिळकतीच्या. मंगळाचंही तसंच. मेष आणि वृश्चिक या त्याच्या राशी. मिथुन लग्नाला ती सहावी आणि अकरावी घरं होतात आणि मंगळ अडचणीचा मानतात. कर्क लग्नाला ती दहावी आणि पाचवी होतात आणि तोच मंगळ योगकारक, म्हणजे सगळ्यात चांगला ठरतो. मंगळाची पत्रिका आहे की नाही हेही लग्नापासून पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं घर बघूनच ठरवतात. म्हणजे घड्याळाच्या एका तासाने एखाद्या मुलीचं स्थळ जमायचं किंवा मोडायचं. चंद्ररास मात्र एका तासाने सहसा हलत नाही. त्यामुळे 'रास तर बरोबर आहे' असं म्हणून लोक निर्धास्त होतात आणि लग्नाची चूक तशीच राहून जाते.

ही चूक पकडायची कशी? पत्रिकेत घटी आणि घड्याळ दोन्ही लिहिलेलं असेल तर सोपं आहे. आपल्या उदाहरणात सूर्योदयापासून खरं अंतर तीन तास 12 मिनिटांचं, म्हणजे आठ घटी. चुकीच्या हिशेबात ते साडेदहा घटी येतं. जन्माच्या वेळी मांडलेल्या कागदावर आठ घटी आणि नंतर केलेल्या नकलेत साडेदहा दिसल्या, तर मधे कुणीतरी युद्धाचा तास विसरलं आहे. पाव-अर्ध्या घटीचा फरक मात्र सोडून द्या. सूर्यबिंबाची कड धरली की मध्य, एवढ्यानेही तो पडतो. आणि घटी लिहिलेल्याच नसतील, तर घरच्यांना आठवणीतली खूण विचारायची : उन्हं कुठवर आली होती, गुरं सोडली होती का? सूर्याने दिलेली खूण सरकारी हुकमाने बदलत नाही.

आपल्या तालुक्याची आणखी एक अडचण आहे. इथली गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरली. मूल जन्मतं कोलकात्यात, वेळ फोनवरून कळते, आणि पत्रिका मांडली जाते इकडच्या कोष्टकावरून. प्रमाणवेळ दोन्हीकडे एकच, पण कोलकाता आपल्या पूर्वेला जवळजवळ चौदा अंश, म्हणजे 55 मिनिटं. तिथे तेवढं लग्न पुढे गेलेलं असतं. त्यात अक्षांशही वेगळा. लग्नाचं कोष्टक जन्मगावचं हवं, मूळ गावचं चालत नाही. या मानाने दुसरा एक फरक अगदी किरकोळ आहे. जुन्या कागदांवर 'विटा, जिल्हा सातारा' असतं, कारण 1949 पर्यंत आपण साताऱ्यातच होतो, मग दक्षिण सातारा झाला आणि 1960 पासून सांगली. त्यावरून कुणी सातारा शहराचे रेखांश घेतले तरी चूक दोनच मिनिटांची.

शेवटचा मुद्दा पंचांगाचा. वेळ बरोबर असूनही दोन पंचांगांत लग्न वेगळं येऊ शकतं. राशीचक्राचा आरंभ कुठे धरायचा यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. केरूनाना छत्रे आणि पुढे लोकमान्य टिळक रेवतीतल्या ताऱ्यापासून मोजण्याच्या बाजूचे, बाकी बरीच पंचांगं चित्रा तारा धरणारी. दोन्हींत जवळपास चार अंशांचं अंतर आहे. टिळक पंचांगाने आपलं उदाहरण मांडलं तर लग्न चार अंशांनी पुढे जातं, तरी मिथुनच राहतं. पण तेच मूल मिथुनेच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत जन्मलं असतं, तर एका पंचांगात मिथुन आणि दुसऱ्यात कर्क आलं असतं. अशा वेळी दोष घड्याळाचाही नाही आणि भटजींचाही नाही.

सुरुवातीला म्हणालो होतो, शेवटी दोन शब्द. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली 46 टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. तेव्हा लग्न अचूक काढलं म्हणजे भविष्य अचूक आलं, असं आम्ही म्हणत नाही. पण पत्रिकेवरून घरात निर्णय होणारच असतील, तर निदान ती त्याच माणसाची आहे का, एवढं तपासायला हवं. घरी गेल्यावर ट्रंकेतल्या जुन्या पत्रिका काढा. जन्म 1942 ते 45 मधला असेल तर वरच्या मधल्या घरातला आकडा बघा, आणि घटींशी ताडून पाहा. प्रश्न असतील तर आता घेऊ.