स्वप्नांच्या तीन जाती

1799 साली श्रीरंगपट्टण पडले, तेव्हा टिपू सुलतानाच्या राजवाड्यात एक लहानशी फारसी वही सापडली. तीत त्याने आपली 37 स्वप्ने स्वहस्ते टिपून ठेवली आहेत. राज्य चालविणाऱ्या, लढाया लढणाऱ्या माणसाने स्वप्नांची नोंद का ठेवावी, याचे मला प्रथम नवल वाटले होते. पुढे इस्लामी परंपरेतील स्वप्नविचार वाचला, तेव्हा या वहीचा अर्थ उलगडू लागला.

स्वप्ने तीन प्रकारची, असे अबू हुरैरा यांच्याकडून आलेल्या हदीसेत म्हटले आहे. ती पुढे सांगणारे बसऱ्याचे इब्न सीरीन 729 साली वारले. पहिले सच्चे स्वप्न, ही अल्लाहकडून आलेली शुभवार्ता. दुसरे दुःख देणारे, ते सैतानाकडून. तिसरे म्हणजे मनाने मनाशीच केलेले बोलणे. दिवसभर जे डोक्यात घोळले, तेच रात्री दिसते.

प्रत्येकाचे वर्तन निराळे. सच्चे स्वप्न पडले तर ईश्वराचे आभार मानावे व ते केवळ जिवलगास सांगावे. वाईट पडले तर डावीकडे तीनदा हलकेच थुंकल्यासारखे करावे, अल्लाहचा आश्रय मागावा, कूस बदलावी, उठून नमाज पढावी आणि ते कोणास सांगू नये. मनाच्या बोलण्याचा मात्र अर्थच लावीत बसू नये. एकाने पैगंबरांस सांगितले, ‘माझे मुंडके तुटून गडगडत चालले आहे आणि मी त्यामागे धावतो आहे, असे मला दिसले.’ पैगंबरांनी त्याचा अर्थ सांगितला नाही. सैतान झोपेत जो खेळ करतो तो लोकांस सांगू नकोस, एवढेच बजावले. न बोललेले भय वाढत नाही, हे यातले मर्म.

खरी अडचण पहिल्या व तिसऱ्या जातीतील सीमारेषेची आहे. 1786 साली सावनूरजवळ हरिपंत फडक्यांच्या फौजेवर छापा घालण्यापूर्वी टिपूला स्वप्न पडले. एक देखणा तरुण जवळ येऊन बसला. मग त्याने पागोट्याखालचे केस मोकळे केले, आणि तो पुरुषवेषातील स्त्री निघाला. टिपूने लोकांस अर्थ सांगितला : मराठे वेषाने पुरुष, पण रणात बायका ठरतील. दोन दिवसांनी छापा पडला आणि शत्रू पळाला, असे तो पुढे लिहितो.

टिपूच्या लेखी हे सच्चे स्वप्न. पण ज्याच्या मनात त्या दिवसांत हरिपंतांच्या छावणीवाचून दुसरे काही नसेल, त्याला असे दिसणे तिसऱ्या जातीतही सहज बसते. त्याच्याच परंपरेने दिलेली ही कसोटी त्याने स्वतःस लावल्याचे त्या नोंदीत तरी दिसत नाही. छापा फसला असता, तर हे स्वप्न वहीत उतरले असते काय?