मालवणची बोट

साल 1958, फेब्रुवारी महिना. तुम्ही भाऊच्या धक्क्यावर वळकटी काखेत मारून उभे आहात. वय साठीला टेकलेलं. अंगावर धोतर, डोक्यावर टोपी आणि कमरेच्या कशात फंडाच्या पैशातून काढून ठेवलेल्या नोटा. नवे पैसे येऊन अजून वर्षही झालेलं नाही, म्हणून हमाल आण्यात भाव सांगतो, तुम्ही नव्या पैशात हिशेब करता आणि दोघांचंही गणित अडतं. शेजारी तुमचा दोस्त हसतोय. गिरणीत त्याला सगळे ‘मालवणी’ म्हणायचे आणि तुम्हाला ‘सातारकर’. दोघं एकाच साचेखात्यात साचे चालवत म्हातारे झालात.

तुम्हाला त्याचं हसू दिसतं, ऐकू येत नाही. आयुष्यभर शेकडो साच्यांच्या खडखडाटात काम केल्यावर कान तसेही अर्धेच उरतात. साचेखात्यात कुणी तोंडाने बोलत नाही, हाताने बोलतं. पंजा उभा धरला की थांब. मूठ आवळून खाली ओढली की साचा सुरू कर. तुम्ही दोघं आजही चहाच्या दुकानात असंच बोलता आणि लोक वळून बघतात.

ही सफर ठरली ती 1928 मध्ये. त्या एप्रिलमध्ये गिरण्या बंद पडल्या आणि संप ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने चालला. खानावळवालीने उधारी बंद केली, तेव्हा खोलीतला प्रत्येक जण आपापल्या गावची वाट धरू लागला. “माझ्यावांगडा चल,” मालवणी म्हणाला होता. “किल्लो दाखवतंय. भर समुद्रात गोड्या पाण्याची बाव.” तुम्ही म्हणालात, “येतो मर्दा, पुढच्या वर्षी नक्की.” आणि घाटावर निघून गेलात.

पुढचं वर्ष का उजाडलं नाही, हे नीट समजून घ्या, कारण त्यात तुमच्या आळसाचा भाग नव्हता. त्या काळी गिरणीत भरपगारी रजा नव्हती. गावी गेलात की जॉबर तुमचे साचे बदलीवाल्याला द्यायचा, आणि परत आल्यावर ते मिळवायला त्याच्या हातावर दस्तुरी ठेवावी लागायची. म्हणून माणूस वर्षातून एकदाच गावी जायचा, तेही जाणं भाग पडे तेव्हा. मालवणी शिमग्याला जायचा. नेमकी तेव्हा तुमच्याकडे शाळूची काढणी. तुम्हाला मे महिन्यात जरा मोकळीक मिळायची, तर महिना सरता सरता पावसाच्या भयाने मालवणच्या बोटी बंद व्हायच्या, त्या थेट नारळी पौर्णिमेनंतर सुटायच्या. शिमग्याऐवजी गणपतीला तो निघाला की तुमच्या शेतात भांगलणी राहिलेली असायची. समुद्राचं पंचांग वेगळं, तुमच्या शिवाराचं वेगळं. 1948 च्या कारखाना कायद्याने दर वीस हजेऱ्यांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळू लागली, पण तोवर आणखी एक गोष्ट घडून गेली होती. 17 जुलै 1947 ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, याच धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. तुमच्या बायकोने त्या रात्री तुमच्याकडून वचन घेतलं, की बोटीत पाय ठेवायचा नाही. ते वचन तिनेच गेल्या दिवाळीत परत घेतलं. “फेब्रुवारीत दर्या निवांत असतो म्हणं, तवाच जावा,” ती म्हणाली.

बोटीवर चढताच मालवणी धावत सुटतो. त्याला ठाऊक आहे, की पुढच्या टोकाला बोट सगळ्यात जास्त वरखाली होते आणि यंत्राजवळ उष्म्याने जीव घुसमटतो. मध्यावरची वारा लागेल अशी जागा धरायची, वळकटी पसरायची आणि उठायचं नाही. तरीही तुम्हाला बोट लागते. मुंबई दिसेनाशी होताच पोटात कालवतं. तो तुमच्या हातात चिरलेलं लिंबू देतो आणि बोटाने आभाळ-पाण्याची रेघ दाखवतो. तिथं बघत राहायचं, डेकवरच्या माणसांकडे नाही. डोळे डेकवर ठेवले तर डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कान मात्र हालचाल सांगत राहतात. त्या दोहोंच्या भांडणात पोट ढवळतं. रेघ पकडल्यावर भांडण मिटतं. रात्री किनाऱ्यावरचे दिवे एकामागून एक मागे पडतात आणि प्रत्येक बंदरात थोडी माणसं, ट्रंका आणि रडणारी पोरं उतरून जातात.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मालवण दिसतं, पण बोट किनाऱ्यापर्यंत जात नाही. जवळ पाणी उथळ आहे आणि खडक आहेत. ती लांबच नांगर टाकते, भोंगा देते, आणि किनाऱ्यावरून पडाव वल्हवत येतात. बोटीच्या कुशीतलं दार उघडतं. खाली पडाव, मध्ये हिरवं पाणी.

इथं तुमचे पाय गळतात. पडाव एका क्षणी उंबऱ्याला टेकतो आणि दुसऱ्या क्षणी माणूसभर खाली जातो. खलाशी तान्ही पोरं हातोहात झेलताहेत, बायका पदर खोचून उतरताहेत. मालवणी आधी उतरला. आता तो पडावातून वर बघतोय. खलाशी ओरडतोय, त्यातलं तुम्हाला काही कळत नाही. पडाव वर येतो आणि तुम्ही विचार करता, आता. तेवढ्यात तो खाली निघालेला असतो. चूक होते ती इथेच. खाली जाणाऱ्या पडावात पाय टाकला तर पाय अधांतरी राहतो आणि माणूस दोन लाकडांच्या मधल्या पाण्यात जातो. पाय टाकायचा तो लाट चढून माथ्यावर टेकते त्या क्षणी, जेव्हा पडाव ना वर जातो ना खाली.

मालवणीने पंजा उभा धरलाय. थांब. एक लाट जाते. पंजा तसाच. दुसरी जाते. मागची माणसं ढकलताहेत, पण तुम्ही फक्त त्या हाताकडे बघता. तिसरी लाट चढते, मूठ आवळली जाते आणि खाली ओढली जाते. तुम्ही पाय टाकता. दोन खलाशी दंडाला धरतात आणि तुम्ही त्याच्या शेजारी फळीवर बसलेले असता.

“भियालंस?” तो तुमच्या कानाला तोंड लावून ओरडतो.

“लई,” तुम्ही म्हणता.

किल्ल्यावर जाता तो तिसरा दिवस. 1664 मध्ये महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू केलं. होडी तटाच्या अगदी जवळ येईपर्यंत तुम्हाला दरवाजा सापडत नाही, कारण तो दोन बुरुजांच्या वळणात लपवलाय. आत मालवणी बाकी काही न दाखवता तुम्हाला थेट दूधबावेवर नेतो. तिथं पाणी भरणारी बाई तुमच्या ओंजळीत कळशी तिरकी करते. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि हे गोड. तुम्ही दोन ओंजळी पिता, तिसरी तोंडावर मारता.

“खोटा सांगलंय काय?” तो विचारतो. तुम्ही हाताने ‘नाही’ची खूण करता. परतीची बोट चार दिवसांनी आहे, पण ती सोडून पुढच्या आठवड्यातली धरायची, असं तिथंच ठरतं.

आता मुंबईहून मालवणला ती प्रवासी बोट जात नाही. रेल्वेने कुडाळला उतरून पुढे रस्त्याने जाता येतं. किल्ल्यावर जायला मात्र अजूनही होडीच लागते आणि ती पावसाळ्यात बंद असते, म्हणून जायचं तर दिवाळीनंतर जा.